रेझ्युमेतलं मार्जिन

ऑनलाइन विक्रीच्या नोकरीसाठी आलेल्या रेझ्युमेत 'कॅटलॉग ४०० वरून १,२०० एसकेयूवर नेला' ही ओळ दिसली की मी आधी विचारतो, त्यातले विकले किती गेले? महिनाभर एकही ऑर्डर न आलेले वजा करूनच आकडा लिही.

'मार्जिन ४० टक्के' हेही अर्धवटच. जीएसटी वगळून ५०० रुपयांचा कुर्ता धर, खरेदी ३०० ची. कमिशन ७५, शिपिंग ६०, रिटर्नचा वाटा २५ गेला की हातात राहतात ४०, म्हणजे ८ टक्के. सप्लायरने खरेदीदर १५ रुपयांनी उतरवला, तर तेच ११ होतात. वाटाघाटीची ओळ अशी हवी, आणि बदल्यात काय दिलंस तेही सांग: आगाऊ पैसे की मोठी ऑर्डर?

टूल्सची नुसती यादी मी तरी वाचत नाही. ॲमेझॉनच्या सेलर सेंट्रलचा कुठला रिपोर्ट बघून काय बदललंस, तेवढं लिही.