प्लॅन २०० चा, लॅपटॉपवर ३८ : आधी काय करून बघू?

प्रश्न: वायफाय सेटिंगचा आणि स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट जोडला आहे. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, पण लॅपटॉपवर ३८ च्या वर जात नाही. मित्र म्हणतो डीएनएस बदल, कंपनीवाले म्हणतात राउटर रिसेट करा, कुणी म्हणतं एक्स्टेंडर घे. नेमकं आधी काय करू?

उत्तर:

या तिन्हींपैकी काहीच आधी करू नका. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये बरंचसं उत्तर लिहिलेलं आहे, फक्त दोन चित्रं शेजारी ठेवून वाचायला हवीत. कामाच्या ओळी तेवढ्या उतरवून घेतो:

```
Protocol: Wi-Fi 4 (802.11n)
Security type: WPA2-Personal
Network band: 2.4 GHz
Network channel: 6
Link speed (Receive/Transmit): 72/72 (Mbps)
```

स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड ३८, अपलोड ३६, पिंग ९ मिलिसेकंद, आणि डाउनलोड चालू असतानाचा पिंग २१४.

सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची. लिंक स्पीड म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यात हवेतून ठरलेला वेग. इंटरनेटचा त्याच्याशी संबंध नाही. कंपनीची लाइन तोडून टाकली तरी तिथे ७२ च दिसेल. पण हा आकडा कागदावरचा असतो. वायफायवर एका वेळी एकच जण बोलतो, डेटाच्या प्रत्येक पाकिटाला पोच द्यावी लागते, शेजारच्यांचं वायफाय त्याच चॅनलवर असेल तर थांबावं लागतं. हे सगळं वजा जाता हाती साधारण निम्मा ते साठ टक्के वेग उरतो. ७२ चे निम्मे ३६, साठ टक्के ४३. तुमचे ३८ बरोबर मधे बसतात. म्हणजे लाइनवरून २०० येत असतील किंवा ५००, या लॅपटॉपला या जोडणीवरून चाळिसाच्या आसपासच मिळणार. अपलोडही जवळजवळ तेवढंच आहे, ही दुसरी खूण: दोन्ही दिशांना एकच छत लागलं आहे.

आता तो ७२ आकडा जरा जवळून बघू, कारण एक्स्टेंडर घ्यायचा की नाही हे तोच सांगतो. वायफाय ४ मध्ये लिंक स्पीड मनाला येईल तो नसतो, ठरलेल्या पायऱ्या असतात. एक अँटेना आणि २० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनल असेल तर त्या पायऱ्या ७, १४, २१, २८, ४३, ५७, ६५ आणि ७२ अशा आहेत. ७२ ही सगळ्यात वरची पायरी. सिग्नल कमी झाला की लॅपटॉप आपोआप खालच्या पायरीवर उतरतो. तुमचा उतरलेला नाही, म्हणजे सिग्नल चांगला आहे. जिथे सिग्नलच पुरेसा आहे तिथे एक्स्टेंडर काय वाढवणार? उलट एकच रेडिओ असलेला एक्स्टेंडर तीच माहिती हवेतून दोनदा पाठवतो, त्यामुळे ३८ चे वीस होण्याचीच शक्यता जास्त.

तेव्हा पहिलं काम: लॅपटॉप २.४ वरून ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर न्या, तिथे लिंक स्पीड बराच वर जाऊ शकतो. खर्च शून्य, पाच मिनिटांचं काम, नाही जमलं तर परत येता येतं, आणि निकाल काहीही लागला तरी पुढचं कळतं. वायफायच्या यादीत तुमच्याच नावाचं, शेवटी `5G` लावलेलं दुसरं नेटवर्क आहे का बघा. असेल तर त्याला जोडा. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर राउटरच्या पानावर जाऊन `Smart Connect` किंवा `Band Steering` बंद करा आणि ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या. राउटरला हात लावायचा नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अ‍ॅडॉप्टरच्या `Advanced` टॅबमध्ये बऱ्याचदा `Preferred Band` असतं, तिथे ५ गिगाहर्ट्झ निवडा.

जोडल्यावर लगेच स्पीड टेस्टकडे धावू नका, आधी लिंक स्पीड बघा. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही वायफाय ५ चे असतील तर ४३३ किंवा ८६६ दिसेल. मग राउटरच्याच खोलीत बसून, तोच सर्व्हर निवडून, दोन-तीनदा टेस्ट घ्या. ४३३ दिसत असेल तर निम्म्याच्या हिशोबानेही दोनशेच्या जवळ पोचायला हरकत नाही. पोचलात तर विषय संपला, खालचं वाचायचीही गरज नाही.

त्या २१४ च्या पिंगसाठी वेगळं काही करायचं नाही, निदान आत्ता तरी. रिकाम्या वेळी पिंग ९ आहे, म्हणजे उशीर लाइनमुळे होत नाही. डाउनलोड सुरू झालं की लाइनवरून माल वेगात येतो, वायफायवरून सावकाश पुढे जातो आणि राउटरमध्ये रांग लागते. व्हिडिओ कॉलचं पाकीट त्याच रांगेत मागे उभं राहतं. वायफाय मोकळं झालं की रांग आपोआप कमी होईल. ५ गिगाहर्ट्झवर जाऊनही हा पिंग दोनशेच्याच घरात राहिला, तरच राउटरमधल्या `QoS` कडे, म्हणजे रांगेत कुणाला पुढे सोडायचं हे ठरवणाऱ्या सेटिंगकडे वळा.

आता अडचणीची बाजू: यादीत ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. मला वाटतं तुमच्याकडे हेच होण्याची शक्यता बरीच आहे, कारण एका अँटेनाचा वायफाय ४ लॅपटॉप बहुधा जुना किंवा स्वस्तातला असतो. आधी फोनवर बघा. फोनलाही दिसत नसेल तर राउटरमध्ये तो बँड बंद तरी आहे किंवा मुळातच नाही. फोनला दिसतंय आणि लॅपटॉपला नाही, तर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवा:

```
netsh wlan show drivers
```

त्यात `Radio types supported` ही ओळ शोधा. तिथे फक्त `802.11b 802.11g 802.11n` असेल तर अ‍ॅडॉप्टर २.४ चाच आहे, कुठलंही सेटिंग त्याला ५ वर नेणार नाही. यूएसबीचा ड्युअल बँड अ‍ॅडॉप्टर लावणं हा सरळ उपाय. पण ओळीत `802.11a` किंवा `802.11ac` असूनही नेटवर्क दिसत नसेल तर संशय राउटरच्या चॅनलवर घ्या. ५ गिगाहर्ट्झमधली काही चॅनलं रडारसोबत वाटून वापरायची असतात. राउटर तिथे आधी किमान मिनिटभर नुसतं ऐकत बसतो, आणि काही लॅपटॉप ती चॅनलं नीट शोधतही नाहीत. राउटरमध्ये चॅनल `Auto` ऐवजी ३६ करून बघा. मला तरी पुष्कळदा एवढ्यावरच नाव यादीत उगवलेलं दिसलं आहे.

अ‍ॅडॉप्टर विकत घेण्याआधी मात्र एक काम करा: लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा आणि टेस्ट घ्या. आत्तापर्यंत आपण एवढंच सिद्ध केलं आहे की वायफाय चाळिसाच्या वर जाऊ देत नाही. त्यामागे लाइन खरंच दोनशेची आहे का, हे अजून कुणी बघितलेलं नाही. केबलवर दोनशेच्या जवळ आलं तर खुशाल अ‍ॅडॉप्टर घ्या. केबलवरही ३८ च आलं तर अ‍ॅडॉप्टरचे पैसे वाचले आणि आता दोष कंपनीच्या बाजूचा. आणि ९४-९५ वर अडकलं तर फसू नका. हा आकडा १०० च्या इथरनेट पोर्टचा आहे. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड `100/100 (Mbps)` दिसेल. पोर्ट जुना असतो किंवा केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असते. आधी दुसरी केबल लावून बघा. `1000/1000` झालं की टेस्ट पुन्हा घ्या. लॅपटॉपला केबलचं पोर्टच नसेल तर ५ गिगाहर्ट्झवरचा फोन राउटरपाशी नेऊन टेस्ट घ्या. पुरावा थोडा कच्चा, पण काम भागतं.

काही कारणाने २.४ वरच राहावं लागलं तर चॅनल बदलण्याचा विचार करा, पण फार आशा ठेवू नका. तुम्ही ६ वर आहात, ते बरोबरच आहे. १, ६ आणि ११ हीच तीन चॅनलं एकमेकांवर चढत नाहीत. तिघांपैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी ते घ्या. ३८ चे ४२ होतील, १०० होणार नाहीत. सिक्युरिटीची ओळही मी त्यासाठीच बघितली होती: तिथे टीकेआयपी हे जुनं एन्क्रिप्शन असतं तर वायफाय ४ असूनही वेग ५४ वर अडतो. तुमचं ठीक आहे, हात लावू नका.

डीएनएस शेवटी, खरं तर यादीबाहेर. नावाचा पत्ता शोधून देण्यापुरतं त्याचं काम. पान उघडायला वेळ लागत असेल तर त्याने फरक पडू शकतो. स्पीड टेस्टचा ३८ हा आकडा हलणार नाही.

हा क्रम तुमच्या आकड्यांसाठी आहे, दुसऱ्या कुणाचा स्क्रीनशॉट असता तर तो बदलला असता. लिंक स्पीड ८६६ आणि टेस्ट ३८ असती तर मी केबल पहिली लावायला सांगितली असती, आणि त्याआधी व्हीपीएन चालू आहे का, दुसरं कुणी मोठं डाउनलोड करतंय का हे विचारलं असतं. लिंक स्पीड ७ किंवा १४ असती तर प्रश्न अंतराचा किंवा भिंतींचा. मग राउटर हलवणं पहिलं, आणि एक्स्टेंडरबद्दल बोलायला जागा होती.

राउटर नुसता बंद-चालू करायला हरकत नाही, पण `Reset` चं भोक टाचणीने दाबू नका. बऱ्याच जोडण्यांमध्ये राउटरच्या आत कंपनीने दिलेलं पीपीपीओई युजरनेम आणि पासवर्ड भरलेलं असतं. रिसेट केलं की ते जातं, आणि ३८ वरून थेट शून्यावर येता. केबलवरही वेग कमीच आला आणि कंपनीकडे तक्रार करायची वेळ आली, तर वायफायचा हा स्क्रीनशॉट पाठवू नका, ते लगेच वायफायवर ढकलतील. केबलवरच्या टेस्टचा पाठवा, आणि त्यासोबत `1000/1000` दिसणारा इथरनेटचाही.