कान एकाच वेळी कुणाला द्यायचा?

"मॅडम, मुलीची नजर कमी होत चाललीय. आवाज गोड आहे, गाण्याची मध्यमा झालीय, शिवाय एम.कॉम. आहे. तिला गाण्याचे क्लास काढून द्यावेत की शिकवण्या घ्यायला लावाव्यात? कशात पोट भरेल तिचं?"

गेल्या काही वर्षांत कमी दिसणाऱ्या किंवा अजिबात न दिसणाऱ्या मुलामुलींचे आईवडील माझ्याकडे येतात, ते थोड्याफार फरकाने हेच विचारतात. वरचे शब्द कराडजवळच्या एका गावातून आलेल्या आईचे आहेत. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती, आणि आई बोलत असताना तिने एकदाही मान वर केली नाही. सहा-सात महिन्यांत आमच्या चौदा भेटी झाल्या. त्यातल्या तीन-चार प्रसंगांबद्दलच इथे लिहिते.

मुलगी एकोणतीस वर्षांची. डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक आजार, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. यात आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं जातं आणि नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं उरतं. ते किती वर्षं टिकेल हे डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. एका पतसंस्थेत ती हिशेब लिहायची. सगळी अक्षरं तिप्पट मोठी करून वाचायची. एका वेळी तीन शब्द पडद्यावर मावायचे आणि दुपारी चारपर्यंत डोकं ठणकायला लागायचं. शेवटी नोकरी सोडली.

पहिल्या भेटीत ती म्हणाली, "अजून दिसतंय तोवर दिसण्यावरच काहीतरी करते. पुढचं पुढे बघू."

मी म्हटलं, "दिसतंय तोवर कानाने काम करायला शिकून घे. आत्ता अडलीस तर पडद्याकडे एक नजर टाकता येते. नंतर तीही सोय नसेल."

हे मी प्रत्येकाला सांगते. उरलेली नजर शिकण्यासाठी वापरावी, पोटाचा धंदा तिच्यावर उभारू नये. तिने लॅपटॉपवर एनव्हीडीए घातलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. त्याचा मराठी आवाज पत्र्यावर खडा आपटावा तसा आहे, पण तीन आठवड्यांत कान त्याला सरावतो. क्लासच्या जुन्या नोट्स मात्र तो भलत्याच वाचायला लागला, कारण त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या होत्या. डोळ्याला मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. स्कॅन केलेल्या पीडीएफवर तर तो गप्पच बसतो, कारण ते पान त्याच्या लेखी नुसता फोटो असतं. म्हणून कुठलंही काम घेण्याआधी त्या कामातला एक खरा कागद मागून घ्यावा आणि तो वाचला जातो का हे घरी तपासावं. बरेच निर्णय तिथेच होऊन जातात.

गाणं की शिकवणी, यावर आम्ही नुसती चर्चा केली नाही. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या शाळेत घडलेली आहे. माणूस "मला जमणार नाही" म्हणतो तेव्हा मी पुरावा मागते. तिला म्हटलं, "दोन आठवडे दोन्ही करून बघ. फी घेऊ नकोस. आणि प्रत्येक तास मला मिनिटामिनिटाने सांग."

गाण्याचा तास तिने पुण्यातल्या भाचीला झूमवर दिला. पहिल्याच दिवशी तंबोरा गायब. तिच्याकडे वाजत होता, भाचीला मात्र मधूनमधून घुरघुर ऐकू येत होती. बैठकीचं हे सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं नीट पोचावं म्हणून बाकी आवाज दाबतं, आणि एकसारखा चालणारा तंबोरा त्याला पंख्यासारखाच वाटतो. सेटिंगमध्ये Original sound चालू केल्यावर ते सुधारलं. दुसरी अडचण काही सुटली नाही. आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, त्यामुळे दोघींना एकत्र गाता येईना. ती गायची, थांबायची, मग भाची गायची. नव्या मुलीला सुरात धरून ठेवायला गुरूचा आवाज सोबत लागतो, तोच नव्हता.

गल्लीतल्या दोन मुलींना मात्र तिने समोर बसवून शिकवलं, आणि तो तास सांगताना तिचा चेहराच वेगळा होता. "मॅडम, तासभर लॅपटॉप बंद होता. निषाद चढला की मला लगेच कळत होतं. हातात पेटी, कानात पोरींचा गळा, आणखी काही लागलंच नाही."

अकाउंट्सचा तास मात्र फसला. बारावीचा एक मुलगा समोर, तिच्या दोन्ही कानांवर हेडफोन, आत स्क्रीन रीडर उदाहरण वाचतोय आणि बाहेर मुलगा शंका विचारतोय. ती अडखळली, दोनदा रक्कम चुकली. मुलगा काही बोलला नाही, पण तिला ते लागलं. पुढच्या भेटीत ती आली तीच ठरवून. "मला अकाउंट्स जमत नाही आता. विसरले मी."

मी तिला म्हटलं, "तो तास इथे कर. मी बारावीचा मुलगा." तिने लॅपटॉप उघडला, हेडफोन चढवला. मी मुद्दाम मध्येच विचारलं, "ताई, हे घसारा खात्यालाच का टाकायचं?" ती थांबली. कपाळाला आठी पडली. आणि मला दिसलं की तिचं बोट कंट्रोलच्या बटणावर गेलं, तिथून परत आलं, पुन्हा गेलं. कंट्रोल दाबलं की एनव्हीडीए बोलायचं थांबतं. तिला आधी त्याला गप्प करायचं होतं, मग मला ऐकायचं होतं, मग उत्तर आठवायचं होतं, आणि तोवर माझा प्रश्न निसटून गेला होता.

मी विचारलं, "आत्ता तुझ्या डोक्यात किती जण बोलत होते?"

बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "दोघं. एक तुम्ही आणि एक हा." मग जरा थांबून, "मी अकाउंट्स विसरले नाहीये. मी दोघांचं एकदम ऐकत होते."

त्या वाक्यानंतर ती रडली. मी तिला रडू दिलं. इतक्या वर्षांच्या कामात मलाही ही गोष्ट इतकी स्पष्ट तोवर दिसली नव्हती. डोळस शिक्षिका डोळ्यांनी वहीत बघते आणि कानांनी मुलाचं ऐकते, तिच्या दोन वाटा असतात. स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्याचं वाचणंही कानातून आणि माणूसही कानातूनच. तेव्हापासून कुणाला काम सुचवताना मी एकच गोष्ट आधी विचारते: समोरचा बोलत असताना स्क्रीन रीडरला गप्प ठेवता येतं का? फोनवरच्या ग्राहकसेवेत बहुतेक वेळा नाही, कारण ग्राहक बोलत असतानाच त्याचं खातं वाचावं लागतं. एका कानात स्क्रीन रीडर आणि दुसऱ्यात ग्राहक ठेवून ते सफाईने करणारे आहेत, पण तो वेग यायला मोठा सराव लागतो. समोर बसून गाणं शिकवताना तो सबंध तास गप्प असतो. शिकवणीत त्याला गप्प ठेवता येतं, पण तास तसा बेतावा लागतो.

मग आम्ही तास नव्याने बेतला. उदाहरणं आदल्या रात्री ऐकायची, रकमा सोप्या आणि लक्षात राहतील अशा घ्यायच्या, एका तासाला तीनच. तासाला हेडफोन एका कानात, दुसरा कान मुलाला. लॅपटॉप फक्त मूल लिहीत असताना बोलेल. ऑनलाइन विद्यार्थ्याने आपला पडदा दाखवायचा नाही, कारण दाखवलेला पडदा स्क्रीन रीडरला फोटोच असतो. त्याऐवजी दोघांनी एकच गूगल शीट उघडायचं. तिथे बाणाने एकेक चौकट पुढे गेलं की आकडा ऐकू येतो. आणि नोंद मुलाने तोंडाने सांगायची: नावे कोण, जमा कोण, का.

रोजकीर्दीला हे फार छान बसतं, कारण नोंद एका ओळीची असते आणि बोलून सांगता येते. ताळेबंदाला नाही. त्याच्या दोन बाजू एकदम नजरेसमोर लागतात, आणि परीक्षेत मांडणीलाही गुण असतात. हाताने लिहिलेल्या वहीचा फोटो फोनवरच्या ॲपने वाचून घ्यायचा प्रयत्न तिने केला, पण आकड्यांवर भरवसा ठेवता येईना.

इथे दुसरी गाठ निघाली. मी सुचवलं की वह्यांची मांडणी तपासायला आठवड्यातून दोन तास कुणी पैसे देऊन ठेव.

"मग ते माझं काम कसलं? मला सगळं एकटीला आलं पाहिजे."

"पतसंस्थेत व्हाउचरं शिपाई आणून द्यायचा ना?"

"हो."

"मग हिशेब कुणी लिहिला? शिपायाने?"

ती पहिल्यांदा मोकळी हसली. "आलंच पाहिजे" या शब्दांवर आम्ही पुढे दोन भेटी घालवल्या, कारण आंधळेपणापेक्षा तो हट्ट तिला जास्त आडवा येत होता. बी.कॉम.ची एक मुलगी आता रविवारी येते आणि वह्या बघते. तिचे पैसे फीमध्ये आधीच धरलेले आहेत.

आईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं ठरलं. गाण्याचा तास तिच्यासाठी दोन्हींत अधिक चांगला, पण तिच्या गावात समोर बसून गाणं शिकणारी मुलं मोजकी, आणि परीक्षा जवळ आली की तीही क्लास सोडतात. अकाउंट्सची मागणी नेमकी तेव्हाच वाढते. म्हणून पोट अकाउंट्सवर आणि मंगळवार-शुक्रवारची संध्याकाळ गाण्याला. आईंना हे पटायला वेळ लागला. आवाज गोड आहे तर गाणंच का नाही, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. त्यांच्या मनात दृष्टिहीन माणूस आणि गाणं ही जोडी पक्की बसली होती. मी त्यांना तिचा एक तास दाराबाहेर बसून ऐकायला सांगितलं.

त्या दिवशी मीही तिथे होते. आत एक मुलगा उदाहरण सोडवत होता. सुरेशला पाच हजारांचा माल उधार विकला.

"रोख खाते नावे," मुलगा झटकन म्हणाला. मग, "विक्री खाते... जमा."

"मध्ये थांबलास," ती म्हणाली. "कशाला थांबलास?"

आत शांतता. लॅपटॉपही गप्प.

"ताई, पैसे अजून आलेलेच नाहीत ना."

"मग कोण नावे?"

"सुरेश."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. आत ती पुढचं उदाहरण पाठ म्हणत होती, रकमेसकट.