वॉक-फॉरवर्ड टेस्टिंग नेमकी कशी करायची?

प्रश्न: दहा वर्षांच्या डेटावर मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचे पॅरामीटर ऑप्टिमाइझ केले, बॅकटेस्ट झकास दिसते. पुढेही ते चालतील का, हे कसं तपासू?

उत्तर: सगळा डेटा एकदम वापरू नका. पहिल्या ३ वर्षांवर पॅरामीटर शोधा, ते गोठवा आणि फक्त पुढच्या ६ महिन्यांवर चालवा. मग खिडकी ६ महिने पुढे सरकवून पुन्हा तेच करा. १० वर्षांत असे १४ टेस्ट-तुकडे मिळतात. ते एकापुढे एक जोडून जी इक्विटी कर्व्ह तयार होते, तीच खरी बॅकटेस्ट. ब्रोकरेज आणि स्लिपेज त्यातच धरा.

समजा ऑप्टिमाइझ केलेल्या भागात वार्षिक परतावा सरासरी २४ टक्के आणि टेस्टमध्ये १३ टक्के आला. गुणोत्तर साधारण ०.५४. घट होणारच, निम्मं टिकलं तर मी पुढे बघतो. पण एकूण नफा एकाच तुकड्यातून आलाय का, हे आधी तपासा.

त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे निवडलेले आकडे, म्हणजे छोट्या आणि मोठ्या अ‍ॅव्हरेजचे कालावधी. २०/१००, २२/१०५, १९/९५ असे जवळपास राहिले तर ठीक. एका खिडकीत २०/१०० आणि पुढच्याच खिडकीत ७/१८० आले, तर ऑप्टिमायझर बहुधा नॉइज पकडतोय.

आणि कृपया, निकाल आवडला नाही म्हणून खिडकीची लांबी बदलून पुन्हा पुन्हा चालवू नका. तसं केलंत की टेस्टचा डेटाही 'पाहिलेला' होतो. शेवटचं एक वर्ष आधीच बाजूला काढा, म्हणजे तुकडे १४ ऐवजी १२ होतील, आणि ते वर्ष एकदाच वापरा.