पूलमुळे केसांवर आलेला हिरवा रंग: आधी तांबं काढा, मग बाकीचं

"ब्लीच केलेले केस पूलमध्ये पोहून टोकांना हिरवे झालेत, दोनदा शाम्पू केला तरी जात नाही. वरून पुन्हा ब्लीच मारू का?"

ब्लीच अजिबात मारू नका, निदान आत्ता तरी नाही. हा हिरवा रंग क्लोरीनचा नाहीये, तांब्याचा आहे. पूलमध्ये शेवाळ होऊ नये म्हणून जे औषध टाकतात त्यात बऱ्याचदा कॉपर सल्फेट असतं, शिवाय पाइप आणि हीटरमधूनही तांबं पाण्यात उतरतं, क्लोरीन फक्त त्याला केसात बसायला मदत करतो. ब्लीचने केस सच्छिद्र झालेले असतात म्हणून टोकं सगळ्यात जास्त तांबं पितात. आणि त्या तांब्यावर ब्लीचमधलं पेरॉक्साइड गेलं की रिअॅक्शन होऊन केस गरम होतात, तुटतातही.

माझ्या भाचीचं अगदी असंच झालं होतं, खांद्याखालचे केस ब्लीच केलेले आणि रोजचं पोहणं. ओले असताना फारसं कळायचं नाही, वाळले की खिडकीपाशी टोकं शेवाळी दिसायची. साधा शाम्पू तेल-मळ काढतो, धातू नाही, त्यामुळे आम्ही धातू पकडून काढणारा कीलेटिंग शाम्पू आणला (घटकांच्या यादीत ईडीटीए असतं, पण ते थोडंसं बऱ्याच शाम्पूत असतं, म्हणून बाटलीवर 'कीलेटिंग' किंवा पोहणाऱ्यांसाठी असं लिहिलेलं बघून घ्या). त्याच्या दोन मोठ्या चमच्यांत एक चमचा साधी व्हिटॅमिन सीची पावडर कालवली, गोळ्या असतील तर पांढऱ्या घेऊन बारीक कुटा, रंगीत आणि फसफसणाऱ्या नको. ओल्या केसांना फक्त हिरव्या भागावर लावून शॉवर कॅप घातली, वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुतलं आणि लगेच जाड कंडिशनर लावला, कारण याने केस काथ्यासारखे कोरडे होतात. डोळ्यात जाऊ देऊ नका, टाळूला जखम असेल तर हे करूच नका.

पहिल्या वेळी अर्धाच रंग गेला, चार दिवसांनी परत केल्यावर टोकं पिवळसर झाली. एका दिवसात दोनदा करायचा मोह आवरा. आणि हो, टोनर लावलेला असेल तर तोही थोडा उतरेल, ते धरूनच चाला. टोमॅटो केचप लावून हिरवा रंग जातो असं म्हणतात, पण त्यात लाल रंगाने हिरवा झाकला जाण्याचा भाग मोठा असतो, सोडा तर नकोच, केस आणखी खरखरीत होतात.

पोहतच नसाल आणि तरी हिरवं येत असेल तर घरात नळाखाली बेसिनवर निळसर-हिरवा डाग पडलाय का बघा. पडला असेल तर तांबं घरच्या पाइपातून येतंय. पाणी नुसतं जड असलं तर त्यातल्या कॅल्शियमने केस राठ होतात, हिरवे नाही. दोन वेळा करूनही जराही फरक पडला नाही तर तो बहुतेक अॅश शेडच्या डायचा हिरवा असेल, तिथे हा उपाय चालणार नाही, पार्लरमध्ये लालसर टोन देऊन तो मारावा लागतो.

पुढच्या वेळी पूलमध्ये उतरायच्या आधी केस साध्या पाण्याने चिंब करा, थोडा कंडिशनर चोळा आणि मग टोपी घाला, भिजलेला केस पूलचं पाणी कमी ओढतो. बाहेर आल्या आल्या धुवा, घरी जाऊन धुते म्हणून तसेच वाळू देऊ नका.