आठ रुपये जातात कुठून?

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

पावकिलो चिवड्याचं पाकीट 80 वरून 72 ला द्यायचं म्हणतोस. “दहाच टक्के तर कमी करतोय, काका.” भावाचे दहा टक्के खरेच, पण ते जातात कुठून ते बघ. तुझ्याच वहीप्रमाणे पोहे, तेल, शेंगदाणे, मसाला, गॅस, पाकीट आणि रविवार कारंजाच्या दुकानदाराचं पाकिटामागे ठरलेलं कमिशन मिळून 50 रुपये जातात. हातात उरतात 30. हेच एका पाकिटाचं अंशदान. तू भाव उतरवलास म्हणून तेलवाला काही सोडणार नाही. आठही रुपये त्या तिसातूनच जाणार, उरतील 22.

आज महिन्याला 1000 पाकिटं जातात, म्हणजे अंशदान 30,000. त्याला 22 ने भाग. आहे तिथेच राहायला 1364 पाकिटं विकावी लागतील, 36 टक्के जास्त. तोंडी करायचं तर भावातली कपात भागिले नवं अंशदान, 8 भागिले 22. गाळ्याचं भाडं यात धरू नकोस, ते दोन्ही भावांना तेवढंच आहे.

समज 1200 गेली. विक्री 80,000 वरून 86,400 होईल, तू खूश. अंशदान मात्र 26,400, म्हणजे 3,600 नी कमी. मी फरसाणात हेच केलं होतं. गल्ला रोज फुगलेला दिसायचा, आणि महिनाअखेर बेसनवाल्याची उधारी फेडायला पैसे नसायचे. तीन महिने मी चोर शोधत होतो!

शिवाय तुझ्या एका कढईत महिन्याला 1200 च्या वर पाकिटं निघत नाहीत, हे तूच सांगितलंस. पुढे हाताखाली माणूस लागेल. त्याचे 6,000 धरले, तर 36,000 भागिले 22, म्हणजे 1637 पाकिटं. इथे मला तुझा बेत अवघड दिसतो.

तरी करून बघायचंच असेल तर पंचवटीतल्या दोन दुकानांतच महिनाभर 72 चा भाव लाव, बाकी सगळीकडे जुना ठेव. त्यानंतरचा महिनाही मोज. स्वस्त मिळाला म्हणून लोक दोन पाकिटं जास्त नेऊन ठेवतात आणि पुढच्या महिन्यात फिरकत नाहीत. ती वाढ नव्हे.

सातपूरच्या कँटीनचं मात्र वेगळं. ते आज तुझ्याकडून काहीच घेत नाहीत, त्यामुळे त्यांना 72 च्या हिशोबाने दिलास तरी जुन्या गिऱ्हाइकाचे आठ रुपये जात नाहीत, कढईत जागा आहे तोवर पाकिटामागे 22 वरचेच. मधे दुकानदार नाही, तेव्हा कमिशनही वाचेल. त्यांना पाच किलोची साधी पिशवी चालते का, तेवढं विचारून ये.

तुझा,
काका