गुजराती व्यापाऱ्याच्या उधारी-आठवणीचं मराठी: रक्कम आणि तारीख

प्रश्न: गुजराती व्यापाऱ्याचा उधारीचा निरोप मराठीत करायचा आहे. रक्कम आणि तारीख चुकू नये म्हणून काय सांभाळू?

उत्तर: सगळ्यात मोठा सापळा ‘काले’ हा शब्द. मराठी कानाला तो ‘काल’ वाटतो, पण गुजरातीत तो उद्यासाठीही चालतो आणि कालसाठीही. दिशा क्रियापदावरून कळते. ‘परमदिवसे’चं तसंच, आणि आपला ‘परवा’ही दोन्हीकडे वळतो, म्हणून तो वापरूच नका.

समजा, १२ जून २०२५ ला निरोप आला: ‘बिलना पोणा बे लाख बाकी छे, परमदिवस सुधीमां मोकली आपशो.’ ‘आपशो’ भविष्यकाळ आहे, म्हणजे १४ जून. ‘पोणा बे’ म्हणजे पावणेदोन. घाईत काही जण त्याचे पावणेतीन करतात. मी असं लिहीन:

‘बिलाचे रु. १,७५,००० (एक लाख पंचाहत्तर हजार) बाकी आहेत. कृपया शनिवार, १४ जून २०२५ पर्यंत (तो दिवस धरून) पाठवावेत.’

दिवस मोजताना निरोप पाठवल्याची तारीख धरा, तुम्ही भाषांतर करता ती नव्हे. वार लिहिला की मोजणीतली चूक लगेच उघडी पडते. ‘तो दिवस धरून’ हे मात्र व्यापाऱ्याला विचारूनच घाला. मूळ वाक्यात ते स्पष्ट नाही.

तारखेऐवजी तिथी असेल, उदाहरणार्थ ‘आसो वद पांचम’, तर आसो म्हणजे आश्विन, वद म्हणजे वद्य. पण वर्ष विक्रम संवताचं असतं, आपलं शक नव्हे. तिथे इंग्रजी तारीख मागून घ्या.