सादरीकरणातील युक्तिवादाचा नकाशा कसा काढावा?

प्रश्न : माझी प्रत्येक स्लाइड स्वतंत्रपणे बरोबर वाटते, तरी ऐकणाऱ्यांना निष्कर्ष पटत नाही. तर्क नेमका कुठे तुटतो हे कसे शोधावे?

मी स्लाइड बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर प्रत्येक स्लाइडचे म्हणणे एका पूर्ण वाक्यात लिहितो आणि शेवटी शिफारस लिहितो. ‘तापमानाचा परिणाम’ यासारख्या शीर्षकाचे वाक्य करता येत नसेल, तर त्या स्लाइडवर दावाच नाही असे समजावे. मग लागोपाठच्या वाक्यांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ घालून वाचतो. तिथे केवळ ‘आणि’ बसत असेल, तर दुवा सुटलेला आहे. शेवटी प्रत्येक वाक्यासमोर त्याचा पुरावा लिहितो.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री, चॅलेंजर या अवकाशयानाच्या उड्डाणाआधी, त्याची रॉकेटे बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी नासाला १३ पानांचे सादरीकरण पाठवले होते. त्यांची शिफारस अशी होती, की रॉकेटच्या सांध्यांतील रबरी ओ-रिंगचे तापमान ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा (सुमारे १२ अंश सेल्सिअस) कमी असेल तर उड्डाण करू नये. त्याचा नकाशा काढला, तर पहिले वाक्य ‘थंडीत रबर सावकाश पूर्ववत होते’ हे येते आणि त्याला प्रयोगशाळेतील चाचणीचा आधार आहे. पुढचे वाक्य ‘म्हणून थंडीत सांध्यातून वायू अधिक गळतो’ हे. पण त्यासमोर गळतीची जी दोन उड्डाणे येतात, त्यांपैकी एक ५३ अंशांचे आणि दुसरे ७५ अंशांचे आहे. म्हणजे दावा एकीकडे आणि पुरावा दुसरीकडे जातो. शिफारशीतील ५३ हा आकडाही केवळ तोवरच्या सर्वांत थंड उड्डाणाचा होता. त्याखाली धोका नेमका किती वाढतो, हे सांगणारी पायरी मध्ये नव्हती.

सर्वांत मोठी उणीव मात्र पानांवर दिसतच नाही, आणि अशीच उणीव शोधणे सर्वांत कठीण असते. पुराव्याच्या रकान्यात फक्त बिघाड झालेली उड्डाणे दिसली, की बिघाड न झालेली कुठे आहेत, असे विचारलेच पाहिजे. नंतर चौकशी आयोगाने सगळी उड्डाणे एकत्र मांडली, तेव्हा ६६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी तिघांत ओ-रिंगला इजा झालेली आढळली, तर ६३ अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत ती झालेली होती. जी माहिती युक्तिवाद उभा करू शकली असती, तीच वगळली गेली होती.

त्या बैठकीत नासाच्या अधिकाऱ्यांनी पुराव्यातील विसंगती बरोबर हेरली, पण तिच्यामुळे शिफारसच कमकुवत ठरवली गेली. निष्कर्ष मात्र खरा होता : दुसऱ्या दिवशी थंडीतच उड्डाण झाले, ओ-रिंगच्या सांध्यातून वायू गळला आणि यान नष्ट झाले. त्यामुळे नकाशात फट सापडली, की मी ती स्लाइड खोडत नाही. ‘ही फट कोणत्या आकड्यांनी भरेल आणि ते कोणाकडे आहेत’ हे तिच्याशेजारी लिहून बैठकीपूर्वी त्या माणसाला विचारतो. आकडे मिळाले नाहीत, तर दावा जेवढा सिद्ध होतो तेवढाच ठेवतो.